दशा जाळून टसर ओळखू नका, आडवा धागा काढा

«आईच्या साठीला करवत काठी टसर घ्यायची आहे. दुकानदार पदराच्या दशांतला धागा जाळून दाखवतो आणि शंभर टक्के सिल्क म्हणतो. तेवढ्यावर घ्यावी का? टसर, मलबेरी, आर्ट सिल्क हाताला वेगळं कसं कळतं?»

दशांचं वाचलं आणि राहवलं नाही. मीही नेमकी अशीच फसले होते. साडेआठ हजारांची साडी, दुकानदाराने माझ्यासमोर दशांतला धागा ओढून पेटवला. केस जळल्याचा वास आला, राख काळी, चिमटीत भुगा झाली. मी पैसे दिले. दुसऱ्यांदा पाण्यातून काढताना हलकेच पिळली, तर साडीच्या लांबीला बोटभर चीर गेली. वाळल्यावर अंगही निस्तेज, लोंबल्यासारखं.

दशा म्हणजे फक्त ताणा, उभे धागे. माझ्या साडीत ताणा खरा रेशमी होता आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, व्हिस्कोसचा. व्हिस्कोस ओला झाला की फार कमजोर होतो. आडवे धागे तुटले म्हणून चीर लांबीला गेली. दुकानदार खोटा धागा जाळत नव्हता, अर्धीच साडी दाखवत होता.

तेव्हा ब्लाउजपीसच्या कापलेल्या टोकाकडून एक आडवा धागा सोडवून घ्या. करवत काठीत तो मधल्या अंगातला हवा. पारंपरिक करवत काठीचे काठ सुती असतात. काठाचा धागा कागदासारखा जळला म्हणून अस्सल साडी परत करू नका.

आता त्या धाग्याचं काय करायचं ते. आधी मध्यभागी थुंकी किंवा पाण्याचा थेंब लावा आणि दोन्ही टोकं ओढा. व्हिस्कोस असेल तर बहुतेक वेळा ओल्या जागीच पटकन तुटतो. मग चिमट्यात धरून पेटवा, ताटलीवर, पदर लांब ठेवून. रेशीम रडतखडत जळतं, ज्योत काढली की बहुधा विझतं, केसांचा वास येतो. व्हिस्कोस कागदासारखा भडकन पेटतो, मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, तो बोटांनी फुटत नाही. पण जाळून टसर आणि मलबेरी यांत फरक कळत नाही, दोन्ही रेशीमच.

तो फरक हाताला आणि डोळ्याला कळतो. मलबेरी गुळगुळीत, धागा एकसारखा, चमक मोत्यासारखी. टसर जरा खरबरीत, कोरडं, रंगवलेलं नसेल तर मधासारखं किंवा तांबूस, आणि चमक दबलेली. आमच्याकडे भंडाऱ्याला कोसा म्हणतात. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचा धागा तो, त्यात जाड-बारीकपणा असणारच. कापड उजेडासमोर धरा. खऱ्या टसरात गाठी आणि जाड धागे वाटेल तिथे येतात. तीच गाठ ठरावीक अंतराने पुन्हा दिसली, तर यंत्राने आणलेला देखावा समजा. चमक सगळीकडे सपाट आणि काचेसारखी असली तरी मी घेत नाही. अर्थात हे माझं मत. रंगवलेलं, फिनिश दिलेलं टसर हातालाही फसवू शकतं.

अंगठीतून साडी काढून दाखवणं मला पटत नाही. पातळ पॉलिएस्टरही निघतं आणि चांगलं जाड टसर अडकतं. आर्ट सिल्कमधलं ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल, म्हणजे व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर, हे विक्रेते सांगत नाहीत.

घरी पक्कं करायचं असेल तर काचेच्या पेल्यात कपडे पांढरे करायचं साधं ताजं ब्लीच घ्या, पाच-सहा आडवे धागे टाका. मलबेरी विरघळते, टसरला जास्त वेळ लागतो. व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर तसेच राहतात. खिडकी उघडी ठेवा, ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नका, संडासाचं आम्ल तर मुळीच नाही. लोकरही विरघळते, म्हणून ही चाचणी फक्त आर्ट सिल्क वेगळं काढायला.

मला सगळ्यात महाग पडलं ते बिल. त्यावर नुसतं ‘फॅन्सी सिल्क साडी’ होतं. तक्रार केली त्या कार्यालयात तीन हेलपाटे झाले, आणि शेवटी टेबलावरच्या माणसाने विचारलं, ‘तुमच्यासमोर जाळून दाखवली होती ना?’ तिथेच संपलं. चिरलेली साडी दाखवायलाही कोणी हात पुढे केला नाही. आजही चीड येते. म्हणून बिलावर ‘अंग शुद्ध टसर, ताणा-बाणा दोन्ही’ असं लिहून घ्या. सिल्क मार्कचं लेबल असेल तर उत्तम, २००४ पासून आहे, पण बिल तरीही नीट घ्या. दुकानदार लिहायला कां-कू करायला लागला तर मी त्या दुकानातून निघते.

आणि एक, आईला नेसायची आहे तर बाणा तपासल्याशिवाय फॉल-पिको करायला टाकू नका. मग कोणीच परत घेत नाही.