इअरबड बिघडलाय की कान?

“काम घरूनच, त्यामुळे सात-आठ तास इअरबड कानात असतात. हल्ली उजवीकडचा आवाज बारीक येतो आणि संध्याकाळी कान खाजतो. रोज कापसाच्या काडीने साफ करतो, तरी मळ होतोच. काय करू?”

आधी त्यांना दोन्ही इअरबडच्या टोप्या पुसून डावा-उजवा इअरबड अदलाबदल करून कानांत धरायला सांगितले. बारीक आवाज डाव्या कानात गेला, म्हणजे दोष इअरबडचा. तो उजव्याच कानात राहिला असता, तर कानाकडे संशय गेला असता. सिलिकॉनची टोपी काढल्यावर कारण दिसले: जाळीच्या अर्ध्या भागावर पिवळट, चिकट थर.

जाळी साफ करताना तिचे तोंड खाली ठेवायचे आणि कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झटकायचे, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. टाचणीने जाळी फाटते, पाण्याने किंवा स्पिरिटने मळ विरघळून आत उतरतो. टोप्या मात्र साबणाच्या कोमट पाण्यात धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. ओल्या टोपीने कानात दमटपणा कोंडतो.

आवाज सुधारला, खाज राहिलीच. तपासणीत उजव्या कानात मळ खोलवर दाबलेला आणि त्वचा लालसर दिसली. मळ कानाच्या बाहेरच्या भागातच तयार होतो आणि त्वचेबरोबर आपोआप बाहेर सरकतो. इअरबड ती वाट अडवतो, काडी त्याला मागे ढकलते. शिवाय काडीने त्वचेवरचा संरक्षक थर निघतो, त्वचा कोरडी पडते, खाज सुटते आणि हात पुन्हा काडीकडे जातो. खरे तर मळ ‘होतोच’ म्हणजे कान आपले काम करतोय.

काड्या बंद केल्या. पडद्याला भोक, कानातून स्राव किंवा पूर्वीचे ऑपरेशन असे काही नव्हते, म्हणून औषधाच्या दुकानातले कानासाठीचे ऑलिव्ह तेल सुचवले: कुशीवर झोपून 2-3 थेंब, पाच मिनिटे तसेच पडून राहायचे, दिवसातून तीनदा, पाच दिवस. पहिल्या दोन दिवसांत कान जास्त बंद वाटू शकतो, कारण मळ फुगतो. घाबरून कोरायला जाऊ नये. तोवर त्या कानात इअरबड नको, नाहीतर तेलाने जाळी पुन्हा भरते.

पुढची सवय साधी ठेवली. मीटिंग नसताना इअरबड काढायचे, लांबलचक कॉलला कानावरून बसणारा हेडफोन वापरायचा, आंघोळीनंतर कान कोरडा होईपर्यंत थांबायचे आणि टोप्या आठवड्यातून एकदा धुवायच्या. टोपी दाबून बसवावी लागत असेल तर एक माप लहान घ्यावी. घट्ट टोपीनेही कातडी सोलवटते.

कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा दाबल्यावर दुखले, पाणी-पू आला किंवा पाच दिवसांनीही कान बंदच राहिला, तर थेंब थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘मळ असेल’ म्हणून वाट पाहू नये, त्याच दिवशी दाखवावे.