दुखायचे थांबले, म्हणजे पळायला सोडायचे का?

"मॅडम, माझ्याकडची १६ वर्षांची खेळाडू १०० आणि २०० मीटर पळते. दहा दिवसांपूर्वी सरावात पूर्ण वेगात असताना तिची हॅमस्ट्रिंग भरली. आता चालताना काही दुखत नाही, तीच पळायला मागते आहे. डॉक्टर तीन आठवडे म्हणाले आणि जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा अडीच आठवड्यांवर आली आहे. मागच्या वर्षी एक मुलगा असाच लवकर परतला आणि आठवड्यात पुन्हा बसला. हिला नेमकी कधी सोडू?" — एक प्रशिक्षक, कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा

सर, तारखेचा विचार थोडा बाजूला ठेवू या. आधी मला दोन गोष्टी हव्या होत्या, म्हणून मी फोनवर त्याच विचारल्या: दुखापत झाली त्या क्षणी 'फट्' असा आवाज किंवा तसा भास झाला होता का, आणि शाळेच्या लाकडी बाकावर बसताना कुल्ल्याखालचे हाड दुखते का? मांडीच्या मागचे हे हॅमस्ट्रिंगचे स्नायू बसण्याच्या हाडापासून सुरू होतात आणि या वयात त्या हाडाचा टोकाचा भाग मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेला नसतो. प्रौढ खेळाडूचा जिथे स्नायू फाटतो, तिथे किशोरवयीन खेळाडूच्या हाडाचा तुकडाच ओढून निघू शकतो. तसे असल्यास एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि खाली लिहिलेले टप्पे त्या मुलीला लागू होत नाहीत. मांडीवर मोठा काळानिळा डाग पडणे, पहिल्या दोनतीन दिवसांत लंगडल्याशिवाय चालता न येणे, किंवा दुखणे कंबरेपासून गुडघ्याखाली मुंग्यांसारखे उतरणे, हीसुद्धा मैदानावर न थांबता दवाखाना गाठण्याची कारणे आहेत. या मुलीत यांपैकी काहीच नव्हते. दुखणारी जागा मांडीच्या मागे, मध्याच्या थोडी वर आणि बाहेरच्या बाजूला होती. वेगात पळताना बहुतेकदा हाच भाग जातो.

'दुखत नाही' हे मोजमाप अपुरे का पडते, हे प्रशिक्षकाने समजून घेतले की बाकीचे सोपे होते. पाय पुढे फेकला जातो आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हा स्नायू लांब होत असतो, आणि त्याच वेळी पुढे जाणाऱ्या नडगीला आवरतही असतो. चालताना किंवा जॉगिंग करताना हा भार किरकोळ असतो. तो वेगाबरोबर वाढतो, पण सरळ प्रमाणात वाढत नाही: पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंतच्या शेवटच्या पट्ट्यात तो फार झपाट्याने चढतो. त्यामुळे ८० टक्क्यांपर्यंत सगळे सुरळीत गेले, यावरून पुढचे काहीच सिद्ध होत नाही. मागच्या वर्षीचा तुमचा मुलगा बहुधा याच पट्ट्यात एका उडीत शिरला असावा.

पहिला दरवाजा जॉगिंगचा आहे. त्यासाठी मी सरांना तीन तपासण्या सांगितल्या. पंधरा मिनिटे भरभर चालणे आणि जिना चढणे-उतरणे लंगड किंवा ओढ न जाणवता जमले पाहिजे. मग मुलीला पाठीवर झोपवून, मांडी उभी धरायला सांगून, गुडघा हळूहळू सरळ करायला लावायचा आणि दोन्ही पाय साधारण सारखेच सरळ होतात का ते पाहायचे. तिसरी तपासणी एका पायाच्या ब्रिजची: पाठीवर झोपून एक टाच साधारण ६० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यावर ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत आणि कंबर वर उचलून खाली आणायची. या पहिल्या दरवाजापाशी दहाएक वेळा बिनवेदना उचलता आली तरी चालते. शेवटच्या दरवाजापाशी मात्र मी दोन्ही बाजूंना वीसपेक्षा जास्त आणि दोन पायांत दोनतीनपेक्षा कमी फरक मागते. मुलीला दुखऱ्या पायावर बारा जमले, दुसऱ्यावर तेवीस. ती जॉगिंगला पात्र होती, स्प्रिंटपासून मात्र बरीच लांब होती, आणि हे अंतर तिला स्वतःला त्या आकड्यांतूनच पहिल्यांदा दिसले. त्याआधी ती माझे म्हणणे केवळ सौजन्याने ऐकून घेत होती, असे मला वाटते.

खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते घड्याळावर करावे लागते. सरांच्या वहीत ऑगस्टमधली एक नोंद होती: धावत येऊन घेतलेले ३० मीटर तिने ३.७५ सेकंदांत पार केले होते. हा तिचा १०० टक्के वेग. यावरून ७० टक्क्यांना ५.३६ सेकंद, ८० टक्क्यांना ४.६९, ९० टक्क्यांना ४.१७ आणि ९५ टक्क्यांना ३.९५ सेकंद येतात. वेळेला टक्क्यांच्या दशांश रूपाने, म्हणजे ७० टक्क्यांसाठी ०.७० ने, भागायचे, एवढेच गणित. सरांनी आधी विचारले, "तिला सांगतो की ऐंशी टक्क्यांनी पळ, ती समजूतदार आहे, जमेल की." मी म्हटले, एकदा मोजून तर पाहा. तिने तिच्या मते ऐंशी टक्क्यांनी पळून दाखवले आणि वेळ आली ४.२ सेकंद, म्हणजे जवळजवळ ९० टक्के. जोर कमी लावला की वेग तेवढाच कमी होतो असे नाही, आणि चांगल्या धावपटूचा सुटा, मोकळा पळ तर हमखास फसवतो. प्रशिक्षकाचा डोळाही तिथे फसतो. एका पायरीचे नाव घेऊन मूल दुसऱ्याच पायरीवर पळत असते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हाताच्या स्टॉपवॉचमध्ये एकदोन दशांश सेकंदांची चूक सहज होते आणि ९५ व १०० टक्क्यांमधला फरकच ०.२० सेकंदांचा आहे. म्हणून शेवटच्या पायऱ्यांवर मोबाइलचे स्लो-मोशन चित्रण घ्यावे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेवर काठ्या रोवाव्यात आणि दोन्हींच्या मधली वेळ चित्रणावरून काढावी. ज्यांच्याकडे दुखापतीपूर्वीची नोंदच नाही, त्यांनी निदान पुढच्यासाठी संघातल्या प्रत्येक मुलाची ही वेळ हंगामाच्या सुरुवातीला लिहून ठेवावी.

पायऱ्या अशा ठेवल्या: आधी जॉगिंग, मग ७० टक्के, ८०, ८५, ९०, ९५ आणि शेवटी १००. वर जाल तशी पायरी लहान. एका सत्रात चार ते सहा धावा, प्रत्येक धावेनंतर दोनतीन मिनिटे पूर्ण विश्रांती, आणि दोन वेगवान सत्रांमध्ये निदान ४८ तास. वेग पकडण्यासाठी सुरुवातीला ४० मीटरचा लांब पट्टा द्यायचा आणि थांबण्यासाठीही तेवढाच. पुढे तो ३० आणि मग २० मीटरवर आणायचा, कारण झटक्याने वेग घेणे आणि झटक्याने थांबणे या वेगळ्या परीक्षा आहेत. ब्लॉकवरून स्टार्ट, बेंड आणि स्पाइक्स हे ९० टक्के सरळ रेषेत पचल्यानंतरच. पावसाळ्यात ओल्या मातीवर पाय घसरला तर स्नायू अचानक ताणला जातो, म्हणून त्या दिवसांत वेगवान सत्र कोरड्या पट्ट्यावर घ्यावे किंवा पुढे ढकलावे.

पळताना ओढ जाणवली किंवा पाऊल आखडले की सत्र तिथेच थांबवायचे, हे सगळेच करतात. पुढची पायरी द्यायची की नाही, हे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ठरते: गुडघा सरळ करण्याची तपासणी आणि ब्रिज, दोन्ही आदल्या दिवसाइतकेच जमले पाहिजे आणि जागा दाबल्यावर दुखणे वाढलेले नसावे. या मुलीची ९० टक्क्यांची पहिली धाव छान झाली, सर खूश होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सरळ करताना पाय लवकर अडला, ब्रिज एकोणीसवरून चौदावर आला. दुखते का विचारल्यावर ती "नाही" म्हणाली, आणि ते खोटे नव्हते. तिला एक पायरी खाली, ८५ वर आणले, दोन दिवसांनी तपासणी पूर्ववत झाल्यावर तिथली सत्रे पुन्हा केली. शून्यावर नेण्याची गरज नव्हती.

याच टप्प्यावर सरांनी सुचवले होते की तोवर तिला अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळवतो, म्हणजे दम टिकेल. दमासाठी चढ हरकत नाही, पण चढावर वेग आणि पायाची फेक दोन्ही कमी राहतात, त्यामुळे चढ बिनदुखता झाला याची नोंद परतीच्या कसोट्यांत धरू नये. उतारावर मात्र पळवू नये, कारण तिथे पाऊल आपोआप लांब पडते.

स्पर्धेच्या दिवसापर्यंत ती ९० टक्क्यांवर पोहोचली होती. शालेय स्पर्धेत जिल्हा चुकला की विभागीय आणि राज्य आपोआप चुकतात, त्यामुळे घरच्यांचा जीव वरखाली होत होता, आणि तिच्या वडिलांनी किमान रिलेत तरी उतरवा, असे सुचवले. काका, रिलेमध्ये तर ती धावत येऊन बॅटन घेणार, कदाचित बेंडवर, आणि शेजारच्या लेनकडे पाहत पूर्ण वेगाने जाणार. तिच्या अजून न तपासलेल्या नेमक्या तीन गोष्टी एकत्र येतात, असे मी त्यांना सांगितले. त्यांना ते पटायला वेळ लागला. १०० मीटरपेक्षा रिले हलकी, हा समज आपल्याकडे खूप पक्का आहे.

शेवटचा दरवाजा मी सरांना एकट्याने उघडू दिला नाही. स्वीडनमधील कार्ल आस्कलिंग यांनी सुचवलेली एक तपासणी आहे: खेळाडू पाठीवर झोपतो, गुडघा पट्ट्याने सरळ बांधलेला असतो, दुसरा पाय जमिनीवर धरून ठेवतात आणि तो सरळ पाय जमेल तेवढ्या वेगाने वर फेकायचा असतो. दुखणे तर पाहायचेच, पण 'काहीतरी होईल' अशी भीती वाटली तरी उत्तर नाही असे धरायचे. ही तपासणी इतर सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्यावरच आणि शक्यतो भौतिकोपचारतज्ज्ञासमोर करावी. पहिल्या वेळी मुलीचा पाय वर जाताना मध्येच मंदावला. दुखले नव्हते, तिने स्वतःच आवरला होता. आठवड्याने तो बिनधास्त वर गेला, ब्रिज बावीस-तेवीस झाले, आणि त्यानंतर ९५ व १०० टक्क्यांची सत्रे घेतली.

पूर्ण वेगाची निदान दोन सत्रे, तीही वेगवेगळ्या दिवशी, दुसऱ्या दिवसाच्या तपासणीसह पार पडल्यावर तिला खुल्या स्पर्धेत १०० मीटरला उतरवले. २०० मीटर आणि रिले आणखी दोन आठवड्यांनी. पुन्हा दुखापत होण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, म्हणून त्या काळात सरांनी आठवड्याला दोनच वेगवान सत्रे ठेवली, आणि सत्र संपल्यावर, आधी नव्हे, नॉर्डिकचे थोडे सेट दिले: गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कोणीतरी धरून ठेवलेले असताना, अंग हळूहळू पुढे सोडायचे. सुरुवातीला पाचपाचचे दोन सेट पुरतात, कारण या व्यायामाने पहिल्या आठवड्यात मांडी चांगलीच भरून येते. ते भरून येणे दोन्ही पायांत सारखे असते, दुखापतीचे एकाच पायात असते. सरांना सकाळच्या तपासणीत हा फरक ओळखायला सांगितला आहे.