एका लेक्चरवरून संख्याशास्त्राची आठवडी चाचणी कशी काढावी?

प्रश्न: निपाणीजवळच्या कॉलेजात बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकवते. दर शनिवारी, त्या आठवड्यातल्या एकाच लेक्चरवर दहा मिनिटांची चाचणी घ्यायची आहे. पुस्तकातले प्रश्न दिले की मुलं सूत्रात आकडे घालून मोकळी होतात, कळलंय की नाही ते समजत नाही. प्रश्न कसे काढायचे?

उत्तर: मॅडम, मीही बेळगावात हाच विषय शिकवतो. दहा मिनिटांना तीन प्रश्न पुष्कळ झाले. प्रश्न काढायच्या आधी मात्र त्या लेक्चरमध्ये मुलं कुठं घसरतात ते कागदावर लिहून काढा. पर्याय तिथूनच मिळतात.

समजा लेक्चर सरासरीच्या स्टँडर्ड एररवर होतं. यात घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. कोणी भागाकारच करत नाही आणि स्टँडर्ड डेव्हिएशनच उत्तर म्हणून लिहितो. कोणी वर्गमूळ विसरून थेट n ने भागतो. कोणी व्हेरिअन्सला n ने भागतो आणि शेवटचं वर्गमूळ घ्यायचं राहून जातं. म्हणून पहिला प्रश्न असा:

> गुळाच्या २५ रव्यांचं वजन केलं. सरासरी १०.१ किलो, स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५ किलो. सरासरीची स्टँडर्ड एरर किती?
> (अ) ०.५ (ब) ०.१ (क) ०.०२ (ड) ०.०१

बरोबर उत्तर ०.१, कारण ०.५ भागिले ५. बाकीचा प्रत्येक पर्याय वरच्या एकेका चुकीचा आहे, त्यामुळे पेपर तपासताना मार्कांपेक्षा कोणत्या पर्यायावर किती हात पडले ते मोजा. निम्मा वर्ग (अ) वर गेला असेल तर त्यांना दोन गोष्टींतला फरकच पोचलेला नाही, तो भाग पुन्हा शिकवावा लागेल. (क) वर गेलेल्यांना फळ्यावर दोन मिनिटं पुरतात.

आकडे निवडताना इथं एक सापळा आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण २५ रवे आणि डेव्हिएशन ५ असं घेतो. मग बरोबर रीतीनं उत्तर येतं १, आणि व्हेरिअन्स २५ ला २५ नं भागून शेवटचं वर्गमूळ विसरणाऱ्याचंही १ च. डेव्हिएशन n च्या वर्गमुळाइतकं असलं की असं होतंच. डेव्हिएशन १ घेतलं तर वर्ग केला काय, न केला काय, उत्तर तेच, म्हणजे (क) आणि (ड) एक होतात. तेव्हा प्रत्येक चुकीचं उत्तर आधी स्वतः काढून बघा आणि चारही वेगळे येतात ना याची खात्री करा. शेजारच्या बाकासाठी दुसरा संच हवा असेल तर १६ रवे आणि ०.८ घ्या: बरोबर ०.२, चुकीचे ०.८, ०.०५, ०.०४. कॅल्क्युलेटर लागत नाही.

दुसरा प्रश्न सूत्राशिवायचा. "२५ ऐवजी तशाच १०० रव्यांचं वजन केलं, तर स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यांचं साधारण काय होईल?" डेव्हिएशन जवळपास तेवढंच राहतं, कारण जास्त रवे तोलले म्हणून गुऱ्हाळातले रवे एकसारखे होत नाहीत. एरर निम्मी होते. "पाव होते" म्हणणारी मुलं हमखास निघतात आणि त्यातली बरीचशी पहिल्या प्रश्नात (क) वालीच असतात.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोलाचा, पण लेक्चरमध्ये कॉन्फिडन्स इंटर्व्हलला हात लावला असेल तरच द्या. "सरासरीचा ९५ टक्के इंटर्व्हल ९.९ ते १०.३ किलो आला. म्हणजे ९५ टक्के रवे या वजनात बसतात. चूक की बरोबर? एका ओळीत कारण." चूक. इंटर्व्हल सरासरीबद्दल आहे, एकेका रव्याबद्दल नाही. वजनं नॉर्मल वितरणाची मानली तर एवढ्या अरुंद पट्ट्यात जेमतेम ३१ टक्के रवे येतात. गुण कारणाला द्या, नुसत्या "चूक" ला देऊ नका. नाणं उडवूनही निम्मी मुलं ते बरोबर लिहितील.

हे कारण मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहू द्या. आपल्याकडं बारावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेली मुलं अचानक इंग्रजी पेपरला बसतात. एखाद्याचा आकड्यांचा प्रश्न बरोबर आणि शब्दांचा कोरा असेल, तर त्याला तोंडी विचारून बघा. बऱ्याचदा त्याला विषय कळलेला असतो, प्रश्नातलं वाक्य कळलेलं नसतं. मग पुढच्या वेळी ते वाक्य लहान करा, प्रश्न सोपा करू नका.