मजकूर म्हणजे जे आधी सांगितले ते

*प्रश्न : एक माफीचे पत्र लिहायचे आहे. त्याला माफीपत्र म्हणायचे, क्षमापत्र की दिलगिरीपत्र? काय झाले त्यात जायला नको, कोणाला द्यायचे तेही राहू द्या. सर्वसाधारण मजकूर द्या, शेवटी ‘मी क्षमस्व आहे’ असेल तर बरे.*

शेवटापासून सुरुवात करतो, कारण ‘मी क्षमस्व आहे’ हे मी गेली काही वर्षे रोज कुठे ना कुठे ऐकतो आणि दर वेळी तितकाच कळवळतो. क्षमस्व हे विशेषण नाही. ते क्षम् धातूचे आज्ञार्थी रूप आहे, द्वितीय पुरुष, एकवचन. अर्थ इतकाच, की ‘तू क्षमा कर’. गीतेत कृष्ण अर्जुनाला ‘युध्यस्व’ म्हणतो, म्हणजे ‘तू लढ’, त्याच साच्यातले हे रूप. अर्जुन उठून ‘मी युध्यस्व आहे’ म्हणाला नाही. ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी व्याकरणात बसते. ‘मी क्षमस्व आहे’ किंवा ‘आम्ही क्षमस्व आहोत’ कशातच बसत नाही. लिहायचे तर ‘क्षमा करा’ किंवा ‘क्षमा असावी’ लिहा.

माफीपत्र आणि क्षमापत्र दोन्ही चालतात. माफी फारसीवाटे आली म्हणून ती कमअस्सल आणि क्षमा संस्कृत म्हणून शुद्ध, असे काही पत्रलेखनाची पुस्तके सांगतात. ते मला अजिबात मान्य नाही. दोन्ही शब्द मराठीचेच आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत, ती पुढे येतीलच. पण तुम्ही सहज वापरलेला एक शब्द मला पुढे जाऊ देत नाही, तो म्हणजे ‘मजकूर’.

मजकूर मूळचा अरबी. ज्या धातूपासून हिंदी-उर्दूतला ‘जिक्र’ आला, म्हणजे उल्लेख, त्याचेच हे रूप. मजकूर म्हणजे ‘ज्याचा उल्लेख झाला आहे ते’. जुन्या मराठी कागदांत तो या अर्थाने पानोपानी भेटतो. ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर ज्याचे नाव आले ते गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे वर सांगितलेले साल. गावाचे नाव एकदा लिहून झाले की लेखणी पुढे नुसते ‘मजकूर’ लिहून वेळ वाचवी. म्हणजे ज्याचे नाव आधी घेतलेच नाही ते गाव मजकूर होऊ शकत नाही. पुढे या शब्दाचा अर्थ सैलावला आणि कागदावर जे काही लिहिलेले असेल ते सगळे मजकूर झाले. तरी जुनी गाठ सुटलेली नाही. जे झाले त्याचा उल्लेखच नसलेल्या पत्राला मजकूर कुठून द्यायचा? मी टाळाटाळ करत नाही. शब्दच अडवतो आहे.

माफीही तशीच अडवते. ‘माफ’ ज्या अरबी धातूतून येतो त्यात सोडून देणे आहे, तसे पुसून टाकणेही आहे. मराठीत त्याचा पहिला संसार वसुलीशी : सारा माफ, फी माफ, कर्ज माफ. प्रत्येक ठिकाणी आधी आकडा असतो, तो कोणाच्या तरी नावावर लिहिलेला असतो, आणि ज्याचे येणे आहे तोच त्यावर रेघ ओढू शकतो. कर्जमाफी जाहीर झाली की गावात पहिला प्रश्न येतो तो ‘कोणत्या तारखेपर्यंतचे, किती रुपयांपर्यंतचे?’ हा. माणसाची माफी मागताना हाच प्रश्न समोरच्याच्या मनात असतो. नोंद केल्याशिवाय पुसायचे काय?

यावर एक उत्तर नेहमी येते, की आपण रोज देवापुढे मोघम माफी मागतोच की. आरतीनंतर सगळे म्हणतात, ‘अन्याय माझे कोट्यानुकोटी, मोरेश्वरा बा तू घाल पोटी.’ इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, या ओळीतला ‘अन्याय’ म्हणजे माझ्यावर झालेला अन्याय नव्हे. मी अनेक तरुणांना विचारून पाहिले आहे, निम्म्यांना तसेच वाटते. इथे अन्याय म्हणजे अपराध, माझ्या हातून घडलेला. दोन, ‘पोटी घाल’. अपराध पोटात घालणे हा आपला वाक्प्रचार ‘क्षमा’ या शब्दाचे अगदी नेमके भाषांतर आहे. क्षम् म्हणजे मुळात सोसणे, पेलणे. म्हणूनच पृथ्वीला क्षमा हे नाव आहे, आणि म्हणूनच सक्षम, कार्यक्षम, क्षमता हे सगळे शब्द त्याच कुळातले. क्षमा मागणे म्हणजे ‘हे ओझे तू पेल’ अशी विनंती. कोट्यानुकोटी अपराध न मोजता पोटात घालणारा मोरेश्वर आहे, त्याला यादी द्यावी लागत नाही. शेजाऱ्याला द्यावी लागते, कारण आपण त्याला नेमके काय पेलायला सांगतो आहोत हे त्याला ठाऊक नसते.

हे मला माझ्या भाच्याने शिकवले. गणपतीत त्याने शेजारच्या आजोबांची पेटी मागून आणली होती. विसर्जनानंतर दोन दिवसांनी तो माझ्याकडे आला, ‘मामा, एक माफीचे पत्र लिहून दे, काय झाले ते विचारू नकोस.’ मीही विचारले नाही. सुवाच्य अक्षरात लिहून दिले : ‘आपल्या वस्तूच्या वापरात आमच्याकडून जर काही चुकले असेल तर त्याबद्दल क्षमा असावी.’ दुसऱ्या दिवशी कागद परत आला. आजोबांनी ‘जर’ या शब्दाभोवती लाल पेनने गोल केला होता, बाकी एक अक्षर लिहिले नव्हते.

तो ‘जर’ सगळ्या पत्राचा घात करतो. ‘चुकले असेल तर’ म्हणजे चुकले की नाही हे ठरवायचे काम मी समोरच्यावर टाकले. आजोबांनी तोवर पेटी उघडलीही नव्हती. पत्र वाचून त्यांनी ती उघडली, तेव्हा त्यांना कळले.

मग मी भाच्याला समोर बसवून विचारले. पेटी जिन्यावरून उतरवताना पायरीवर आदळली होती. मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्यावर वर येत नव्हत्या आणि भाता हवा धरत नव्हता. हे माहीत असूनही त्याने पेटी पुसून, कापड घालून, गुपचूप आजोबांच्या कोपऱ्यात ठेवली होती. म्हणजे गोष्टी दोन झाल्या होत्या आणि त्यांना एकच शब्द पुरत नव्हता. पेटी पडली हा अपघात होता, त्याचे वाईट वाटणे म्हणजे दिलगिरी. न सांगता ठेवली हा अपराध होता, त्याला माफीच हवी.

आता दिलगिरी, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. काही भाषाप्रेमी अगदी ठासून सांगतात की दिल गिरणे, म्हणजे काळीज खाली पडणे, यातून दिलगीर झाला. साफ चूक. ते हिंदीतले गिरना आहे, त्याचा इथे संबंध नाही. हा ‘गीर’ फारसीतला, धरणे-पकडणे या अर्थाच्या क्रियापदाचा. आलमगीर म्हणजे जग कब्जात घेणारा. मुलूखगिरी म्हणजे मुलूख धरणे. बारगीर म्हणजे मूळ अर्थाने भार उचलणारा, आणि मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा स्वार. कुस्तीगीर तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘गिरफ्तार’ हा त्याचा सख्खा भाऊ. दिलगीर म्हणजे ज्याचे मन पकडले गेले आहे, दुःखाच्या मुठीत आहे तो.

माझा स्वतःचा तर्क इथून सुरू होतो. फारसीत दिलगीर हा दुखावलेला, नाराज झालेला माणूसही असतो, म्हणजे ज्याला लागले तो. मराठीत मात्र आज दिलगिरी व्यक्त करतो तो ज्याने लावले तो. माझ्या मते शब्दाने बाजू बदलली ती मधल्या अर्थाच्या पुलावरून. खिन्न, उदास हा तो मधला अर्थ, आणि उदास दोघेही असू शकतात. ‘तुम्ही दिलगीर झालात हे पाहून मीही दिलगीर आहे’ असे म्हणता म्हणता दुसरे अर्धे वाक्य तेवढे उरले असावे. त्यामुळे दिलगिरीत आजही दोष कबूल होत नाही, फक्त मनाची स्थिती कळते. तुमच्या आजीच्या निधनाबद्दल मी दिलगीर असू शकतो, माफी मागू शकत नाही. म्हणूनच संस्था आणि पुढारी दिलगिरीवर थांबायला बघतात आणि समोरचे ‘माफी मागा’ म्हणून अडून बसतात. तो भांडणाचा खोडसाळपणा नाही. दोघांनाही शब्दातला फरक नीट कळलेला असतो.

भाच्याचे दुसरे पत्र असे झाले :

‘आजोबांस सा. न. अनंत चतुर्दशीला तुमची पेटी उतरवताना माझ्या हातून पायरीवर आदळली. दोन पट्ट्या अडकतात आणि भाता हवा सोडतो. याचे मला फार वाईट वाटते. मला हे त्याच दिवशी ठाऊक होते, तरी न सांगता मी पेटी जागेवर ठेवली. त्याबद्दल तुमची माफी मागतो. पेटी दुरुस्तीला मी नेईन आणि खर्च मी देईन. नेऊ का, एवढे सांगा.’

‘जर’ नाही, ‘काही’ नाही, ‘आमच्याकडून’ नाही. आमच्याकडून म्हटले की चूक गर्दीत हरवते. आणि शेवटी प्रश्न ठेवला, कारण पुसायचे की नाही हे आजोबांच्या हातात राहायला हवे होते.

आजोबांनी दोन दिवस काही कळवले नाही. तिसऱ्या दिवशी पेटी आमच्या दारात आणून ठेवली, वर एका कागदावर दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ता.

तुमच्या पत्राला नाव काय द्यायचे, तर वर काहीच देऊ नका, नुसते मायना घालून सुरू करा. माफीनामा तर नकोच. करारनामा, पंचनामा यांसारखा तो दस्त वाटतो आणि कोणीतरी दबाव टाकून लिहून घेतल्याचा वास त्याला येतो. बाकी मला तीन गोष्टी कळवा : कोणाला, कधी, आणि तुमच्या हातून नेमके काय झाले. मग मजकूर होईल.