पाळीच्या चार दिवस आधी टेस्ट केली, एकच रेघ आली. म्हणजे दिवस गेलेच नाहीत का?

तसं आत्ताच म्हणता येत नाही. टेस्ट फार लवकर झाली.

नाशिकरोडला आमचं मेडिकल आहे. काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो, तोही हळू आवाजात. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच एचसीजी हे हार्मोन बनू लागतं आणि रुजायला बीज सुटल्यापासून साधारण 6 ते 12 दिवस लागतात. सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं.

किटमध्ये लघवीचे थेंब टाकले की ते पट्टीवर पुढे सरकतात. वाटेत रंगाचे कण लावलेली अँटिबॉडी असते, ती एचसीजीला चिकटते. ही जोडी किटवरच्या 'टी' खुणेजवळच्या दुसऱ्या अँटिबॉडीत अडकली की गुलाबी रेघ उमटते. 'सी'ची रेघ फक्त पट्टी चालली एवढंच सांगते. ती नसेल तर किट बाद.

बऱ्याच किटना दर मिलिलिटर लघवीत साधारण 25 मिलियुनिट एचसीजी लागतं. समजा 16 तारखेला तुमचं 8 होतं, तर रेघ नाहीच. 18 ला 16, तरीही नाही. 20 ला, म्हणजे पाळीच्या दिवशी 32. आता दिसेल, पण फिकट. म्हणून पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीने पुन्हा करा. पाच मिनिटांत वाचा. नंतर सुकून उमटलेली करडी रेघ धरू नका.

पाळी अनियमित असेल तर बीजच उशिरा सुटलेलं असू शकतं, तेव्हा आठवड्याने परत करा. पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.