‘सुत रामा’ : सूत, सुत की आणखी काही?

प्रश्न : आमच्या अमळनेरच्या घरातला एक मोडी कागद वाळवीने गेला, त्याचा फोटोही हरवला. काकांनी केलेलं देवनागरी लिप्यंतर उरलंय. त्यात ‘कुंभार सखा यास शेर 2, चांभार धोंडू यास शेर 2, सुत रामा यास शेर 3’ असं आहे. इथे ‘सूत’ म्हणजे धागा की ‘सुत’ म्हणजे मुलगा? शेवटी ‘(डावी कड फाटकी, दोन अक्षरे गेली) सबैन मया व अलफ’ आहे, त्याच्या खालची ओळ ‘(फाटले)ल मौजे मजकूर’ अशी. साल कोणतं?

उत्तर : ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत फोटो हरवल्याची हळहळ करू नका. मोडीत इकार आणि उकार साधारणपणे एकाच तऱ्हेने लिहितात. ‘सुत’ आणि ‘सूत’ कागदावर सारखेच दिसले असते. देवनागरीत आलेला ऱ्हस्व उकार काकांनी ठरवलेला आहे. शब्द तोडण्याचंही तेच. मोडीत आधी ओळभर रेघ मारून तिच्याखाली सलग लिहायचे, म्हणून ‘सुत रामा’ मधली मोकळी जागाही काकांचीच. या दोन गोष्टी मूळ कागदालाही सांगता आल्या नसत्या, त्या संदर्भावरूनच ठरवायच्या.

आता संदर्भ पाहू. व्यवहाराच्या कागदांत बापाचं नाव सांगायला ‘बिन’ येतं: ‘रामा बिन गोंदा’. ‘सुत’ हा पोथ्या-अभंगांतला शब्द, धान्याच्या यादीत तो अवघडल्यासारखा वाटतो. ‘सूत’ वजनाने देता येतं, पण मग वरच्या दोघांनाही सूतच दिलं का? वर कुंभार आणि चांभार आहेत, दोघांची नावं जातीपुढे आली आहेत आणि दोघांना शेरावर काही दिलंय. ही बलुत्याची यादी दिसते. तिसऱ्या जागी मला तरी सुतारच दिसतो. ‘सुताररामा’ असं सलग लिहिलेलं असताना लागोपाठ आलेल्या दोन ‘र’ पैकी पहिला, काना धरून, वाचताना नजरेतून निसटणं सहज शक्य आहे. शेजारचं अक्षर आणि काना बदलला की मोडीत र चं वळणही बदलतं. मोडी वाचणाऱ्या कुणालाही विचारा, चुका इथेच होतात.

फोटो असता तर हे एका नजरेत कळलं असतं, कारण काना-र कागदावर एकतर आहे किंवा नाही. लिप्यंतरातून ते कळत नाही. काकांनी खात्रीने वाचलेलं अक्षर आणि अंदाजाने लावलेलं अक्षर देवनागरीत सारखंच ठसठशीत उमटतं. म्हणून हे कुठे छापलंत तर ‘सुत[ार] रामा’ असं चौकोनी कंसात घाला आणि कंसातलं तुमचं आहे असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘सुतार’ छापाल तर पुढचा माणूस ते मूळ कागदातलंच धरेल.

साल हे सुहूर सन आहे. सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे अकराशे सत्तरच्या घरातलं. फाटक्या जागी एककाचा शब्द होता. काकांची ‘दोन अक्षरे’ खरी धरली तर इहिदे, इसन्ने, सलास, खमस, समान हे तीन-तीन अक्षरी गळतात. उरतात अर्बा, सीत, सबा आणि तिसा; म्हणजे 1174, 1176, 1177 किंवा 1179. सुहूर सन मृगाला, जूनच्या आसपास बदलतो, त्यामुळे जून ते डिसेंबरसाठी 599 आणि पुढच्या महिन्यांसाठी 600 मिळवायचे. हिशेबाने 1773-74, 1775-76, 1776-77 आणि 1778-79 अशी चार वर्षं निघतात.

सगळी भिस्त त्या ‘दोन’ वर आहे, पण ते तपासता येतं. खालच्या ओळीतलं ‘ल मौजे मजकूर’ हे बहुतेक ‘पाटील मौजे मजकूर’; म्हणजे तिथेही ‘पाटी’ ही दोनच अक्षरं गेली. वरच्या ओळीत फाटा थोडा अधिक आत गेला असेल, किंवा लेखकाने अक्षरं दाटून काढली असतील, तर तीनही बसतील. म्हणून 1770 ते 1779 या अख्ख्या पट्ट्यातलं साल मी अशक्य म्हणणार नाही, पण ती चार आधी तपासावीत. लिप्यंतरात कुठे ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याची तारीख आणि सोबत वार असेल तर जंत्रीत या चारही वर्षांची ती तारीख काढा. वार जुळत नाही ती वर्षं बाजूला पडतील. मात्र चंद्रदर्शनाने एका दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढ्यावरून वर्ष काढून टाकू नका.

कडेच्या इतर फाटक्या ओळी काकांनी उतरवल्या असतील तर त्याही पाठवा. ‘पाटी’ सारखे हमखास भरता येणारे आणखी दोन-तीन तुकडे मिळाले तर फाट्याची रुंदी ओळीओळीने मोजता येईल.