मावशींच्या खटल्याचं टिपण कसं लिहायचं

चि.स अनेक आशीर्वाद,

धारवाड खंडपीठातल्या सुनावणीचा व्हिडिओ बघून खानापूरच्या मावशींना मराठीत टिपण करून देणार आहेस असं कळलं. त्यांना इंग्रजी येत नाही. म्हणजे तू लिहिशील तेच त्या खरं धरणार.

व्हिडिओ कोर्टानेच उपलब्ध केलेला असावा. तो उतरवून घेऊ नकोस, कुणाला पुढे पाठवूही नकोस. कोर्टाच्या नियमात परवानगीशिवाय ते चालत नाही.

पहिल्यांदा पेन न उचलता पूर्ण बघ. दुसऱ्या वेळी वहीत तीन रकाने आख: वेळ, कोण बोललं, काय बोललं. समज, वाटणीच्या दुसऱ्या अपिलात 4 मिनिटं 10 सेकंदांवर न्यायमूर्तींनी मावशींच्या वकिलांना विचारलं, ‘वहिवाटीचा कागद कुठे आहे?’ वकिलांनी उतारा दाखवला. एवढंच लिही: ‘न्यायमूर्तींनी वहिवाटीचा कागद विचारला. आपल्या वकिलांनी उतारा दाखवला.’ ‘वहिवाट सिद्ध झाली नाही’ असं लिहिलंस की प्रश्नाचा निकाल झाला, आणि मावशींची रात्रीची झोप गेली. असले तिखट प्रश्न न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना विचारतात. ‘नाराज दिसले’, ‘आपल्या बाजूने होते’ हेही नको. तो तुझा अंदाज झाला.

खरी गफलत शब्दांत होते. ‘ॲडमिट’ म्हणजे अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतलं. त्याचं ‘अपील मान्य’ केलंस तर मावशी पेढे वाटतील! अपील मंजूर होतं त्याला ‘अलाउड’ म्हणतात. ‘पास ओव्हर’ म्हणजे प्रकरण त्या दिवशी नंतर पुकारायचं, ऑर्डर पास झाली असं नव्हे. अशा शब्दांशेजारी मूळ शब्द देवनागरीत ठेव, म्हणजे वकिलांना पडताळता येईल. आवाज फाटला किंवा दोघं एकदम बोलले, तर तिथे ‘ऐकू आलं नाही’ लिही. मागच्या-पुढच्या वाक्यांवरून भरून काढू नकोस.

शेवटी न्यायमूर्ती आदेश सांगतात, तो वेगळ्या पानावर घे. वाद आणि आदेश एकत्र आले की विरुद्ध वकिलांची मागणीही मावशींना कोर्टाचा हुकूम वाटते. तोंडी सांगितलेल्या आदेशात सहीपूर्वी दुरुस्ती होऊ शकते, म्हणून त्या पानावर ‘व्हिडिओत ऐकलेला’ असा शेरा मार. मग खटल्याच्या 16 अक्षर-अंकांच्या सीएनआर या ओळख क्रमांकाने कोर्टाच्या संकेतस्थळावर सही झालेला आदेश शोध आणि पुढची तारीख त्यावरूनच लिही. दोन्हींत फरक दिसला तर दोन्ही लिही. कुठलं बरोबर ते तू ठरवू नकोस.

टिपण वाचून दाखवलंस की मावशी विचारणारच, ‘मग शेत आपल्याला मिळणार का?’ तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत शेवटच्या पानावर उतरव आणि ते पान वकिलांकडे न्यायला सांग.